शब्दचर्चा: "३ पाहा" आणि "७ उलटी वाहिली", दोघांना "जोडसूत्र"च म्हणायचं का?

कोपरीकर:
मंडळी एक अडलंय. सोसायटीच्या दिवाळी अंकासाठी गूढ शब्दकोडं रचतेय. त्यातली दोन सूत्रं दुसऱ्या उत्तरांवर टेकलेली आहेत. पहिलं असं:

३ आडवा, १४ उभा: उपवनला शिफ्ट लागली, तरी ठाणेकर संध्याकाळी फिरतात इथेच (३,२)
१४ उभा: ३ पाहा

आणि दुसरं:

१२ उभा: ७ उलटी वाहिली की गरीब (२)

वरच्या सूचनेत मी दोन्हींसाठी "जोडसूत्र" लिहिलं, पण प्रूफ वाचणाऱ्या काकांना ते पटेना, म्हणाले ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शब्द चुकलाय का? दुसरा कुठला रूढ आहे?

सीवूड्सवाला:
चुकलं काही नाहीये. सूत्रात दुसऱ्या सूत्राचा नंबर आला की ते जोडसूत्र, सरळ हिशोब आहे. नंबरच्या जागी ते उत्तर ठेवायचं आणि वाचायचं, दोन्हीकडे हेच करतो ना आपण.

आडवाउभा:
सीवूड्सवाला, दुसऱ्या सूत्राला तुमचं म्हणणं लागू पडतं, पहिल्याला नाही. १४ मध्ये "३ पाहा" आहे तिथे ३ चं उत्तर ठेवून बघा. "तलाव पाहा"? त्याला काही अर्थ नाही. तिथे एकच उत्तर दोन तुकड्यांत भरलंय, तलाव ३ मध्ये आणि पाळी १४ मध्ये. उपवन म्हणजे एक तलाव, शिफ्ट म्हणजे पाळी, आणि फिरायची जागा म्हणजे तलावपाळी. १४ ला स्वतःचं सूत्रच नाही, तो फक्त उरलेला अर्धा भाग ठेवायची जागा आहे. अक्षरसंख्यासुद्धा म्हणूनच फक्त ३ ला दिलीय.

१२ उभ्याचं तसं नाही. त्याचं उत्तर पूर्ण आहे, व्याख्या त्याची स्वतःची आहे (गरीब), फक्त कच्चा माल ७ कडून आणलाय. ७ नदी, उलटी केली की दीन. आपल्या कोड्यात एका घरात मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं म्हणून "न, दी" चं "दी, न" होतं.

सोडवतानाही फरक पडतो. पाळी आधी सुटली तर तलाव जवळजवळ फुकट मिळतो. दीन आधी सुटला तर नदी उलटून मिळते खरी, पण ७ च्या स्वतःच्या सूत्राशी ताडून बघावीच लागते. त्यामुळे पहिल्याला जोडउत्तर म्हणा आणि दुसऱ्याला उसनं सूत्र. हे उसनं माझंच नाव आहे, रूढ वगैरे नाही.

घणसोलीची_माई:
१४ मध्ये "पाहा" लिहिलंय ते बरोबर आहे गं. पहा लिहिलं तरीही चालतं, आज्ञार्थात दोन्ही रूपं चालतात असं लेखनाच्या नियमांतच आहे. फक्त क्रियापद पाहणे, पहाणे नव्हे. मुलांना वर्षानुवर्षं हेच सांगत आले.

कोपरीकर:
माई, प्रश्न तो नव्हता, पण बरं झालं सांगितलंत, अंकात एकीकडे पाहा आणि एकीकडे पहा झालं होतं.

आडवाउभा, मग ७ चं सूत्र पण बघा ना. "१२ परतला की उल्हास, उदाहरणार्थ (२)". म्हणजे ७ ला १२ लागतो आणि १२ ला ७, हे चालेल?

वाशी_सेक्टर_१७:
हे तर आमच्या ऑफिसच्या एक्सेलसारखं झालं. ए१ मध्ये =B1 आणि बी१ मध्ये =A1 टाकलं की ते वॉर्निंगच देतं, सर्क्युलर म्हणून. मागच्या मार्चएंडला अशाच एका शीटने आमची पूर्ण टीम रात्री नऊपर्यंत बसवली होती. नका करू असं.

आडवाउभा:
एक्सेल अडतं कारण तिथे आत शिरायला दुसरा रस्ताच नसतो. इथे आहे. गरीब, दोन अक्षरी: दीन, रंक. रंक उलटा केला तर "करं", जमत नाही. दीन उलटा केला तर नदी, आणि उल्हास ही एक नदी आहेच, कल्याणकरांना विचारा. दोन्हीकडे व्याख्या आहे म्हणून गाठ सुटते.

आता व्याख्या काढून बघा. ७ ला "१२ परतला" आणि १२ ला "७ उलटा", एवढंच. मग सर आणि रस बसतं, वन आणि नव बसतं, मका आणि काम बसतं, राग आणि गरा पण बसतो. त्यातलं कुठलं आणि वर कुठलं खाली, हे फक्त आडव्यातिडव्या अक्षरांवर ठरणार, ते चूक. त्यामुळे कोडं रचल्यावर एक कसोटी लावायची: दुसरं उत्तर अजिबात माहीत नाही असं धरून नुसत्या व्याख्येवर दोन-चार उमेदवार सुचतात का? सुचत असतील तर ठेवा.

आणि नंबर सगळ्यात शेवटी घाला. काळं घर एक जरी सरकलं तरी पुढचे सगळे नंबर सरकतात आणि सूत्रातला "७" तसाच राहतो. कच्च्या प्रतीत मी "[नदी] उलटी" असंच लिहितो, छपाईच्या आदल्या दिवशी नंबर. तुमच्या जाळ्यात ७ चा आडवा आणि उभा दोन्ही असतील तर "७ आडवा" असं स्पष्ट लिहायला लागेल, नुसता ७ तेव्हाच जेव्हा तिथून एकच शब्द निघतो.

सीवूड्सवाला:
ओके, जोडउत्तर वेगळं, मान्य. पण मग हे नंबरवालं प्रकरण म्हणजे सोडवणाऱ्याला नुसतं इकडून तिकडे पळवणं नाही का, मला तर ते वाचलं की वाटतं रचणाऱ्याला सूत्र सुचलं नाही.

आडवाउभा:
कधीकधी तसं असतं, नाही म्हणणार नाही. पण जॉन ग्रॅहॅम म्हणून इंग्लंडमधले धर्मोपदेशक होते, गार्डियनमध्ये अरॉकेरिया ह्या नावाने कोडी रचायचे. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी कोड्याच्या वरच्या सूचनेत लिहिलं की अरॉकेरियाला १९ चा १८ उभा झालाय, आणि उपचार कुठला चालू आहे तोसुद्धा नंबरांतच दिला. लोकांनी नेहमीसारखं पेन घेऊन सोडवायला घेतलं. १८ निघाला कॅन्सर, १९ निघाली अन्ननलिका, उपचार पॅलिएटिव्ह केअर. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते गेले. तेच वाक्य सरळ छापलं असतं तर बातमी झाली असती, नंबरांमुळे प्रत्येकाने ती घराघराने स्वतःच्या हाताने लिहिली.

घणसोलीची_माई:
अंगावर काटा आला हो.

मला मात्र दुसरंच खटकतंय. "७ उलटी वाहिली" म्हणजे ७ स्त्रीलिंगी आहे हे तू आधीच सांगून टाकलंस की. गडी वाहिला असता, पाणी वाहिलं असतं.

आडवाउभा:
माई, हा खरा मराठी प्रश्न. इंग्रजीत ही पंचाईतच नाही, तिथे क्रियापदाला लिंग लागत नाही. आपल्याकडे ७ ला वाक्यात बसवला की क्रियापद त्याचं लिंग फोडतं, त्यात "वाहिली" म्हटल्यावर तर नदीच डोळ्यांपुढे येते. माझ्या मते नंबर हा शब्दाचा नंबर आहे, वर "आडवे शब्द, उभे शब्द" असंच छापलेलं असतं, म्हणून लिंग "शब्द"चं, पुल्लिंग: "७ उलटा". उत्तर काहीही असो.

विभक्तीत आपण हेच करतो बघा. ७ चं उत्तर मका असेल तर वाक्यात "मक्याला" व्हायला हवं, पण आपण "७ ला" लिहितो. तिथे कोणी सामान्यरूप मागत नाही.

घणसोलीची_माई:
नाही पटलं. ७ च्या जागी उत्तर ठेवून वाक्य वाचायचं असं तुम्हीच म्हणता, मग "नदी उलटा" कोण वाचेल? कानाला किती वाईट लागतं ते. वाक्य मराठी पाहिजे की नको? लिंग कळलं तर कळू दे, तेवढी मदत सोडवणाऱ्याला मिळाली तर बिघडलं काय?

कोपरीकर:
मी आत्ता "७ मागे फिरून गरीब" करून बघितलं. फिरून ला लिंगच लागत नाही, नदी ठेवली तरी वाक्य मोडत नाही. वाहण्याचा इशारा गेला पण उल्हास आहे तिकडे.

सूचनेत जोडउत्तर घेते. "उसनं सूत्र" वाचून काका काय म्हणतात बघते, त्यांना बहुतेक "संदर्भसूत्र" हवं असणार.

वाशी_सेक्टर_१७:
संदर्भसूत्र नको प्लीज, सरकारी पत्राच्या वरच्या ओळीसारखं वाटतं.