मदत हवी आहे: चौरसातील सर्वात मोठा समभुज त्रिकोण, आठवीसाठी
१५ सेंमी बाजूच्या अबकड चौरसात, अ मधून जाणाऱ्या घडीने ब बिंदू अब च्या लंबदुभाजकावर आणला की ३०° चा कोन मिळतो. तो दुभागून १५° ची घडी घातली, ती बक ला म मध्ये छेदते. अक कर्णावर दुमडून तिचे प्रतिबिंब घेतले की कड वर न मिळतो आणि अमन समभुज होतो. इथवर मुलांना सममितीने पटते. बम मोजल्यास सुमारे ४ सेंमी भरते, त्यावरून कोपऱ्यांतले तीन त्रिकोण वजा करून क्षेत्रफळ सुमारे १०४.५ चौसेंमी येते. पायथागोरसने अचूक बम काढायला गेल्यास मात्र वर्गसमीकरण येते, जे आठवीला नाही. वर्गसमीकरण आणि त्रिकोणमिती टाळून, केवळ घड्यांच्या आधारे बम ची अचूक लांबी कशी सिद्ध करता येईल?