मदत हवी आहे: बायकोसाठी घड्याळ

सागर_ठाणे: गुरुवारी लग्नाचा वाढदिवस आहे. बायकोला घड्याळ द्यायचंय, पण तिची आवड कळत नाही. विचारलं की "कशाला उगाच खर्च" म्हणते. बजेट ७-८ हजार. मॉडेल सांगा, वेळ कमी आहे.

नाना_सातारकर: ऑटोमॅटिकच घ्या. सेल बदलायची कटकट नाही. माझं जुनं एचएमटी अजून चालतंय.

मुग्धा: वहिनी काम काय करतात? रोज घड्याळ घालतात का?

सागर_ठाणे: नर्स आहे, पाळ्या असतात. जुनं घड्याळ बंद पडून कपाटात आहे. यावरून काय कळणार?

टिकटिक: बरंच कळतं. ते काढा. पट्ट्याला कुठल्या भोकाशी घडी पडलीय ते पाहा, म्हणजे मनगटाचं माप मिळेल. तबकडी पट्टीने मोजा आणि नवीन त्याच्या जवळपासच घ्या. त्या घड्याळ आतल्या बाजूला, नाडीवर घालतात का? तसं असेल तर पातळ घ्या, जाड घड्याळ टेबलावर आपटतं. रोज अंगावर सोनं असतं की चांदी, तेही बघा.

नाना, ऑटोमॅटिक पाळीच्या नोकरीला नको. साधारण ४० तास हातात नसलं की थांबतं, मग वेळ लावत बसा. सेलवालं, सेकंद काटा असलेलंच घ्या. नाडी मोजायला तो लागतो.

नाना_सातारकर: रोज घातलं तर थांबत नाही हो.

टिकटिक: सुट्टीत कोण घालतं?

रोहन_के: ३० मीटर लिहिलेलं घ्या, पोहलं तरी चालतं. हात धुणं तर किरकोळ.

टिकटिक: नाही. तो प्रयोगशाळेतल्या स्थिर दाबाचा आकडा आहे. ३० मीटरला शिंतोडे चालतात, पोहणं नाही. दिवसभर साबण-पाणी असेल तर ५० बघा. चामडी पट्टा टाळा, ओल धरून वास मारतो.

परिचारिका_अनघा: एक सांगू? आमच्या वॉर्डात मनगटावर काहीच चालत नाही. हात नीट धुता येत नाहीत म्हणून घड्याळ, बांगड्या सगळं काढायचं. आम्ही खिशाला अडकवायचं उलटं घड्याळ वापरतो. आधी त्यांच्याकडचा नियम विचारा.

विलास७२: यावरून आठवलं, माझ्या कॅसिओचा पट्टा तुटलाय. पुण्यात कुठे मिळेल?

मुग्धा: विलासजी, वेगळा धागा काढा ना.

सागर_ठाणे: काढून पाहिलं. तबकडी २६ मिमी, तिसऱ्या भोकाशी घडी, काटे सोनेरी. सेकंद काटा नाहीच! वॉर्डात लावते की नाही, मला खरंच माहीत नाही.

परिचारिका_अनघा: मग हे घरचं, सणासमारंभाचं असणार. वॉर्डाचं वेगळं आणि हे वेगळं, दोन्ही बजेटात बसतील. खिशाचं बरंच स्वस्त मिळतं.

टिकटिक: मी एकच चांगलं घेईन. दुकानदाराला आधीच विचारा, न वापरता बदलून देतो का आणि किती दिवसांत.

नाना_सातारकर: बदलायचंच तर ऑटोमॅटिक हातात घालून बघू द्या त्यांना.

सागर_ठाणे: तिच्या मैत्रिणीला फोन लावतो, वॉर्डाचं तिलाच माहीत असेल.