बिडाच्या कढईत रांधून लोह खरंच वाढतं का? (मदत हवी आहे)

मेघना_ऐरोली
नमस्कार मंडळी. वय ४१, राहायला ऐरोलीत. गेल्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन १०.४ आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा, ९ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्यात, पण त्या घेतल्या की मळमळतं आणि पोट घट्ट होतं, म्हणून कधी घेते, कधी राहून जाते. सासूबाई म्हणतात, नॉनस्टिक काढून टाक, बिडाच्या कढईत रांध, गोळ्यांची गरजच पडणार नाही. म्हणून जांभळी नाक्यावरून चांगली जड कढई आणलीसुद्धा. आत्तापर्यंत आमच्याकडे भाजी नॉनस्टिकमध्ये आणि आमटी स्टीलच्या पातेल्यात व्हायची.

विचारायचं असं की स्टील किंवा नॉनस्टिकपेक्षा बिडात केलेल्या जेवणात लोह नेमकं किती जास्त येतं? काय शिजवलं तर जास्त येतं? आणि तेवढ्यावर माझं भागेल का? नेटवर शोधलं तर भांडी विकणाऱ्यांचीच पानं समोर येतात, त्यामुळे इथे विचारते आहे.

कोलबाड_काका
ताई, डोळे मिटून वापरा. आमच्या आईच्या लोखंडी कढईत मेथी काळीकुट्ट व्हायची आणि आम्हा भावंडांना कधी टॉनिक लागलं नाही. भाजी जितकी काळी तितकं लोह जास्त, हा साधा हिशोब. पोळीचा तवाही लोखंडीच ठेवा, निम्मं लोह तिथूनच मिळतं. आणि स्टीलमधून काहीच मिळत नाही.

नवखी_सुगरण
मीपण बिडाचा तवा आणलाय पण डोसा उचकटतच नाही, अर्धा तव्यालाच राहतो. कांदा घासून झाला, मीठ भाजून झालं. काय करू?

वाशीची_मावशी
नवखी, तुझ्या डोशाचं खाली सांगते. आधी मेघना.

निवृत्त होईपर्यंत रुग्णालयाच्या आहार विभागात होते, त्यामुळे हा प्रश्न शेकडो बायकांनी विचारलाय. लोह उतरतं, यात शंका नाही. अमेरिकेत १९८६ साली वेगवेगळे पदार्थ लोखंडी भांड्यात शिजवून मोजले होते. टोमॅटोच्या सॉसमध्ये १०० ग्रॅममागे लोह ०.६१ मिलिग्रॅमवरून ५.७७ वर गेलं, सफरचंदाच्या सॉसमध्ये ०.३५ वरून ७.३८ वर. त्याच प्रयोगात मक्याच्या पावात वाढ नाममात्र होती. म्हणजे काका, पोळीच्या तव्यातून निम्मं लोह मिळत नाही. पोळी कोरडी असते आणि मिनिटभरात तव्यावरून उतरते. लोह सुटायला पाणी, आंबटपणा आणि वेळ लागतो. टोमॅटोची आमटी, चिंचेचं सार, आमसुलाची डाळ, ताकातली कढी यांत उतरेल. बटाट्याच्या काचऱ्या किंवा कोरडी भेंडी यांत फारसं नाही.

काळेपणावरून माप काढू नका. लोह मेथीतल्या, वांग्यातल्या किंवा चिंचेतल्या तुरट द्रव्यांशी जुळलं की काळा रंग येतो. थोड्याशा लोहानेही भाजी काळी दिसते, आणि उलट टोमॅटोच्या रश्श्यात भरपूर उतरलं तरी रंग फारसा बदलत नाही. शिवाय तुरट द्रव्याला चिकटलेलं लोह आतडं नीट घेत नाही. म्हणून जेवणावर लगेच चहा नको म्हणतात.

नॉनस्टिकमधून लोह शून्य. स्टीलमधून अगदी किंचित, कारण त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो लोखंडाला बाहेर पडू देत नाही. इनॅमल चढवलेलं बीड आणलं असेल तर तेही या कामाचं नाही. तुमची कढई आतून काळी, खरखरीत आहे ना?

मेघना_ऐरोली
हो, आतून काळी आणि खरखरीतच आहे. मावशी, मनापासून आभार. पण मग मला गोळ्या बंद करता येतील का? खरा प्रश्न तोच आहे.

वाशीची_मावशी
त्याचं गणित तुमच्याच आकड्यांवर मांडते, ढोबळ आहे पण अंदाज येईल.

तुमचं वजन ६० किलोच्या आसपास धरलं तर अंगात चार लिटरच्या आतबाहेर रक्त. हिमोग्लोबिन १०.४ वरून १२.५ वर न्यायचं तर सुमारे ८४ ग्रॅम हिमोग्लोबिन नव्याने बनवावं लागेल. एका ग्रॅममध्ये साधारण ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे २८५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह फक्त रक्तात लागेल. फेरिटिन ९ म्हणजे साठा रिकामा, तो भरायला आणखी काहीशे.

आता कढई. रोज १५० ग्रॅमची वाटीभर टोमॅटो आमटी बिडात, वीसेक मिनिटं उकळून केली, आणि त्या प्रयोगाइतकं लोह उतरलं असं धरू. मिळाले साडेसात मिलिग्रॅम. आपल्या पोळी-भाजी-डाळीच्या जेवणातलं लोह आतडं फार कमी घेतं. साठा रिकामा असला की शरीर जरा जास्त ओढतं, म्हणून दहा टक्के धरते. पाऊण मिलिग्रॅम रोज. रक्तासाठी लागणाऱ्या २८५ ला पाऊणने भागा, वर्षाच्या वर जातं. त्यात पाळीतून जाणारं लोह धरलेलंच नाही, ते दर महिन्याला वजा होत राहतं.

म्हणून कढई साठा टिकवायला ठीक. रिकामा साठा भरायला गोळी लागते, तिच्यात एका वेळेला किती तरी पट लोह असतं. मळमळीसाठी डॉक्टरांना विचारा की एका आड एक दिवस घेतली तर चालेल का. २०१७ मधल्या एका अभ्यासात तशाने शोषण बरं होतं असं दिसलं होतं. गोळीचा प्रकार बदलूनही काहींना बरं वाटतं. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून लांब ठेवा. आणि पाळी जास्त जात असेल तर ते आधी सांगा, नाहीतर भरलेलं तिकडून गळत राहील.

कोलबाड_काका
तवा मान्य. पण मग इतकी वर्षं गावाकडे काय चाललं होतं? आणि इथिओपियात मुलांना लोखंडी भांड्यात खायला दिलं तर फरक पडला, असं मी वाचलंय.

वाशीची_मावशी
पडला की. १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. लोखंडी भांडी मिळालेल्या घरांतल्या मुलांचं हिमोग्लोबिन वर्षभरात सरासरी १.७ ने वाढलं, ॲल्युमिनियमवाल्यांचं ०.४ ने. पण ती दोन ते पाच वर्षांची मुलं होती. चिमुकल्या अंगात रक्तच कमी, त्यामुळे थोडंसं लोह पुष्कळ काम करतं. शिवाय त्यांना पाळी नाही.

घोडबंदर_रोड_वाला
माझा अनुभव वेगळा. बायकोचं हिमोग्लोबिन कायम १०.५ च्या आसपास. लोखंडी कढई, बीट, खजूर, गोळ्या, सगळं झालं. शेवटी एका डॉक्टरांनी नीट रिपोर्ट बघितला. फेरिटिन चांगलं भरलेलं, पण लाल पेशी बारीक. हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी केली तर थॅलेसेमिया मायनर, म्हणजे जन्मजात रक्तदोषाचा सौम्य प्रकार निघाला. लोह कमी नव्हतंच, तेव्हा कढईने काय होणार? गोळ्याही बंद केल्या. नुसता हिमोग्लोबिनचा आकडा बघून कढया बदलू नका एवढंच.

वाशीची_मावशी
बरोबर. कंबोडियात भांड्यात टाकायच्या लोखंडी माशाचा एवढा गाजावाजा झाला, पण नंतरच्या मोठ्या चाचणीत हिमोग्लोबिन काही वाढलं नाही, कारण तिथे बऱ्याच जणांच्या रक्ताल्पतेचं मूळ जनुकीय आहे, लोहाची कमतरता नाही. मेघनाचं फेरिटिन ९ आहे, त्यामुळे तिला लोह कमी आहे हे नक्की. घरात कुणाला थॅलेसेमिया मेजर किंवा अंगात लोह साठण्याचा आजार असेल तर मात्र त्या माणसाचं आंबट कालवण बिडात करू नका.

नवखी, आता तुझा डोसा. तवा धुऊन पूर्ण कोरडा कर, तेलाचं बोट फिरवून जवळजवळ सगळं पुसून घे, धूर येईपर्यंत तापव, गार होऊ दे. हे काही वेळा कर. तेल जास्त राहिलं तर चिकट थर बसतो.

नवखी_सुगरण
ओके! पण मग असा तेलाचा थर बसला की लोह उतरणार नाही का? मेघनाताईंची कढई नवी आहे ना?

वाशीची_मावशी
अगदी नेमकं विचारलंस. त्या १९८६ च्या प्रयोगातही नव्या भांड्यांतून जास्त उतरलं, वापरून मुरलेल्यांतून कमी. आणि आंबट रस्सा उकळला की तो थर खरवडला जातो, पुढच्या वेळी भाजी चिकटते, चवही लोखंडासारखी लागते. म्हणून माझ्याकडे दोन वेगळी आहेत. तवा फक्त भाकरी-डोशाला, आणि एक जुनी कढई आमटी-साराला. ती कितीही खरवडली गेली तरी मी तिच्या चकाकीची काळजी करत नाही. आमटी झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढायची, रात्रभर कढईत ठेवली तर काळी आणि कडवट होते.

घोडबंदर_रोड_वाला
म्हणजे जितकं मुरवू तितकं लोह कमी. मग बाजारात मुरवूनच विकतात त्या कढयांचं काय?

कोलबाड_काका
मी नाही मानत. आमच्या आईची कढई चाळीस वर्षं मुरलेली होती.

वाशीची_मावशी
काका, आईच्या कढईत आमसुलाचं सारही व्हायचं असेल, ते थर टिकू देत नाही. पण घरोघरी किती उतरतं हे प्रत्येक कढईचं वेगळं, मी आकडा सांगू शकत नाही. मुरवलेल्या विकतच्या कढईतून सुरुवातीला कमी येईल, आंबट शिजवत गेलात की वाढेल.

मेघना_ऐरोली
सासूबाईंना गणित वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वर्ष लागलं तर लागू दे." 😄 तर कढई राहील, टोमॅटोची आमटी तीत करेन, भाजीसाठी नॉनस्टिक चालू ठेवते. गोळ्यांबद्दल शुक्रवारी डॉक्टरांकडे जाते आहे, एका आड एक दिवस विचारते आणि पाळीचंही सांगते, ते मी आजवर सांगितलंच नव्हतं. फेरिटिन पुन्हा केव्हा तपासायचं, कुणाला अंदाज आहे का?

वाशीची_मावशी
हिमोग्लोबिन महिन्याभराने बघतात, ते वर चढू लागलं की गोळी काम करते असं समजायचं. फेरिटिन तीनेक महिन्यांनी. सर्दी-ताप असताना मात्र देऊ नका रक्त, तेव्हा फेरिटिन खोटंच वर दिसतं.