ब्योमकेशचा भाग शोधायचा तर मेलेला माणूस धरावा, पुरावा की जागा?

पाऊसवेडी: दूरदर्शनवरची गुप्तहेर मालिका. धोतर नेसलेला हुशार गृहस्थ, सोबत लेखक मित्र. एका भागात भर रस्त्यात माणसं मरून पडतात, बंदुकीचा आवाज नाही. भाग कोणता? आणि असे भाग तुम्ही कशावरून ओळखता: मेलेल्या माणसावरून, पुराव्यावरून की जागेवरून?

जुनं_रीळ: 'ब्योमकेश बक्षी', 1993, दिग्दर्शक बासू चटर्जी, रजित कपूर आणि के. के. रैना. भाग 'रास्ते का काँटा'. काळजात ग्रामोफोनची सुई घुसते. ती सुटते सायकलच्या घंटीतून, आत स्प्रिंग बसवलेली असते. घंटी वाजते तेव्हाच सुई सुटते, म्हणून कुणाला शंका येत नाही. पुरावाच धरा. 'ग्रामोफोनची सुई' म्हटलं की दुसरा भाग मनात येतच नाही.

चहाबाज: हाच. खुनी तो होमिओपॅथ डॉक्टर ना?

जुनं_रीळ: सुईचा भाग बरोबर, डॉक्टर मात्र 'सत्यान्वेषी'तला. तिथे कोकेनचा धंदा आणि मेसमधला खून आहे. सुईवाला खुनी विमा एजंट.

गाजरप्रेमी: मला वाटलं 'करमचंद'. तिथेही जोडी होती, किटी!

शाई_दौत: किटी लेखिका नव्हती हो. मुद्द्यावर येते. पुराव्याचा आग्रह मला पटत नाही. सुईच्या कथेत मेलेल्यांकडेच नीट बघा: सगळे पैसेवाले, प्रौढ आणि निपुत्रिक. म्हणजे त्यांच्या मरणाने फायदा वारसाचा. ब्योमकेशला तिथूनच वाट सापडते. सुईने फक्त हत्यार कळतं.

जुनं_रीळ: मग 'मकड़ी का रस' कसा शोधाल? तिथे खूनच नाही. म्हातारा नंददुलालबाबू घरात डांबलेला, तरी त्याला कोळ्याच्या रसाची नशा कुठून मिळते, एवढाच प्रश्न. उत्तर लाल शाईत: तो लिहिता लिहिता पेनाचं टोक चोखतो. 'सीमंत हीरा'तही मुडदा नाही, हिरा नटराजाच्या मूर्तीत दडवलेला. बळी धरून बसलात तर हे दोन्ही भाग हातचे जातील.

शाई_दौत: मान्य, पण तुमच्या पद्धतीत एक गोची आहे. पुरावा म्हणजेच उत्तर. 'पेनाची शाई' लिहून विचारलंत, तर ज्याने भाग पाहिला नाही त्याचा सगळा रस गेला. 'अग्निबाण' विचारताना 'स्वयंपाकघरात मेलेली मुलगी, हातात जळकी काडी' एवढंच पुरतं. विष काडीतच होतं, हे सांगायची गरज नाही.

खांबापाशी: मी जागा आणि साथीदार धरतो. सुईच्या कथेत वर्तमानपत्रात जाहिरात येते: वाटेतला काटा दूर करायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला व्हाइटवे लेडलॉच्या दुकानाजवळच्या दिव्याच्या खांबाला हात लावून उभं राहा. तिथे ब्योमकेशचा लेखक मित्र अजित उभा राहतो आणि त्याच्या नकळत खिशात पाकीट येतं. खांब आणि अजित, दोनच शब्द.

शाई_दौत: मेसचं काय? अजित तिथेही राहतो. जागा धरलीत तर चहाबाजसारखी गल्लत होणार.

चहाबाज: गल्लत जागेने नाही, वेषामुळे झाली. 'सत्यान्वेषी'त ब्योमकेश अतुल नावाने राहायला येतो.

पाऊसवेडी: 'रास्ते का काँटा' सापडला, आभार! ब्योमकेशच्या बायकोचं, सत्यवतीचं काम सुकन्या कुलकर्णींनीच केलंय ना?

जुनं_रीळ: हो, त्यांनीच.