‘सामाईक जिन्यात सामान साठवू नये’: दाराशी काढलेल्या चपला ‘साठवल्या’ का?

अनुराधा:
एका पत्रात अडकले आहे, मदत हवी. पुण्यात पेठेत आमची जुनी तीन मजली इमारत आहे. आईबाबा पहिल्या मजल्यावर राहतात, दुसरा मजला भाड्याने दिला आहे. भाडेकरू नवराबायको आणि त्यांची छोटी मुलगी. माणसं चांगली आहेत, संबंध बिघडवायचे नाहीत. पण त्यांच्या दारासमोर चपलांचा स्टँड आला, मग जिन्याच्या वळणावर सायकल आली, आता खिडकीपाशी तुळस आणि दोन कुंड्या आहेत.

करार इंग्रजीत आहे. त्यात ‘कॉमन स्टेअरवेल’ आणि ‘स्टोअर’ असे शब्द आहेत. बाबांनी त्यावरून मराठीत चिठ्ठी दिली: ‘सामाईक जिन्यात कोणतेही सामान साठवू नये, अडगळ करू नये.’ त्यावर वहिनींचं उत्तर असं की आम्ही काही साठवत नाही. चपला दाराशी काढतो, सायकल रात्रीपुरती लावतो, आणि दारापुढची जागा म्हणजे जिना नव्हे. शिवाय तुळशीला अडगळ म्हटलेलं त्यांना फार लागलं.

तर ‘स्टोअर’ला इथे नेमकं क्रियापद कोणतं? आणि दारापुढची जागा, वळण, पायऱ्यांखालची जागा हे सगळं ज्यात येईल असा ‘स्टेअरवेल’ला मराठी शब्द आहे का?

वैजयंती:
मुळात ‘जिना’ हा शब्दच फारसी ‘झीना’वरून आलेला आहे. आपल्याकडे ‘सोपान’ असताना पत्रात तो वापरायची गरज काय? ‘सामाईक सोपानमार्गात पादत्राणे, दुचाकी व कुंड्या यांचा संचय करू नये’ असं लिहा. औपचारिक पत्राची भाषा औपचारिकच हवी. आणि अनेकवचन सांभाळा. ‘वस्तू ठेवू नये’ हे चूक, ‘वस्तू ठेवू नयेत’ हे बरोबर. सोसायट्यांच्या पाट्यांवर रोज ही चूक दिसते आणि वाईट वाटतं.

विश्राम:
‘नयेत’बद्दल पूर्ण सहमत. पण ‘दुचाकी’ लिहिलंत तर स्कूटर समजतील. आणि ‘संचय’ म्हटलंत तर वहिनी पुन्हा तेच म्हणतील, की आम्ही संचय कुठे केला!

मी बांधकामावर असतो म्हणून ‘वेल’बद्दल सांगतो. दोन बाजूंच्या पायऱ्यांच्या मधे खालपासून वरपर्यंत जी उभी पोकळी राहते ती मूळची ‘वेल’. नंतर सगळ्या जिन्याच्या जागेलाच इंग्रजीत ते नाव पडलं. शब्दशः ‘जिन्याची विहीर’ होईल आणि कोणालाच कळणार नाही. दारापुढच्या जागेला मुकादमापासून बिगाऱ्यापर्यंत सगळे ‘लँडिंग’च म्हणतात, मधल्या वळणाला ‘मिडलँडिंग’. आमच्या लेखी दोन्ही जिन्याचेच भाग. लँडिंगशिवाय जिना नसतो.

त्या पोकळीकडे मात्र लक्ष द्या. आग लागली तर धूर तिथूनच वर चढतो आणि गच्चीचं दार बंद असेल तर वरच्या मजल्यावर कोंडतो. जुन्या इमारतीत विजेचे मीटर बहुतेक पायऱ्यांखालीच असतात. रबरी तळवे, रेक्झीन, फोम यांचा धूर फार काळा आणि घशाला धरणारा. तुमचे मीटर कुठे आहेत? आणि जिना किती रुंद?

अनुराधा:
मीटर पायऱ्यांखालीच आहेत. जिना तीन फूट. लँडिंगही भिंतीपासून पायरीपर्यंत तीन फूटच. स्टँड एक फूट खोल आहे.

विश्राम:
म्हणजे राहिले दोन फूट. तीन फुटांच्या लँडिंगवर आडवं स्ट्रेचर तसंही वळत नाही. आजारी माणसाला खुर्चीत बसवून दोघं जण उतरवतात. वळताना मागच्या माणसाला भिंतीला टेकेपर्यंत मागे सरावं लागतं, आणि नेमका तिथे स्टँड असतो. सायकल त्याहून वाईट. भिंतीला लावली तरी हँडल दीड-दोन फूट बाहेर येतं आणि धक्का लागला की ती पायऱ्यांवरच पडते. बाबांच्या वयाकडे बघून हे वहिनींना दाखवा, शब्दांचा अर्थ नंतर बघू.

मंदार:
इतका विचार कशाला? 2016 चा रेरा कायदा आहे. त्यातल्या सामाईक क्षेत्रांच्या व्याख्येत जिने आणि लिफ्टची लॉबी स्पष्ट लिहिलेली आहे. तेवढं कलम दाखवा, भाडेकरू गप्प बसेल.

सुलभा:
व्याख्या तुम्ही बरोबर सांगितलीत, मंदार, पण ती इथे लागू करता येणार नाही. तो कायदा बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आणि तिथे घर घेणाऱ्यांसाठी आहे. ही जुनी, एका मालकाची इमारत. इथे करारात काय लिहिलं आहे ते बघायचं. गप्प बसवणं हा अनुराधाताईंचा हेतूही दिसत नाही.

माझं आयुष्य दस्त लिहिण्यात गेलं. जुने दस्तलेखक अशा ठिकाणी एकच शब्द घालत: वहिवाट. खोल्यांचा ‘ताबा’ भाडेकरूला, जिन्याची मात्र ‘जाण्यायेण्यापुरती वहिवाट’. सगळा फरक त्या ‘पुरती’त आहे. चाललात, थांबलात, दोन शब्द बोललात, सगळं चालेल. पण जागा धरून बसेल अशी कोणतीच वस्तू त्यात बसत नाही, मग ती साठवलेली असो, काढलेली असो की लावलेली.

‘स्टोअर’ला एक क्रियापद शोधू नका, सापडणार नाही. मराठीत चपला काढतात, सायकल लावतात, कुंडी मांडतात. ‘ठेवू नये’ लिहिलं तरी वाद राहीलच. म्हणून वाक्य माणसाबद्दल लिहू नये, जागेबद्दल लिहावं: ‘जिना मोकळा असावा.’ मग वस्तू कोणत्या क्रियापदाने तिथे आली हा प्रश्नच उरत नाही.

दत्ता (सातारा):
सुलभाताई, वहिवाटीचा विषय काढलात म्हणून विचारतो. आमच्या शेताला सामाईक बांधावरून रस्ता आहे, आजोबांच्या काळापासून बैलगाडी जायची. यंदा शेजाऱ्याने तिथे दगड टाकले आणि कडेने आंब्याची रोपं लावली. म्हणतो, रस्ता कागदावर नाही. आमची वहिवाट मोडली का?

सुलभा:
दत्ताभाऊ, तुमचं प्रकरण वेगळं आहे. कागदावर नसलेल्या पण वापरातल्या शेतरस्त्याचा अडथळा काढायला मामलेदार न्यायालय कायदा, 1906 मधल्या कलम 5 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, तेव्हा थांबू नका. दगड कधी टाकले ते आजच लिहून ठेवा, फोटो काढा.

शर्वरी (बडोदा):
‘वहिवाट’ वाचून फार बरं वाटलं. आमच्याकडे गुजरातीत ‘वहीवट’ म्हणजे कारभार. बडोदा संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत. माझ्या पणजोबांच्या कागदांवर तो शब्द जागोजागी आहे. मराठीत तो वापराकडे गेला आणि इथे कारभाराकडे राहिला. आणि जिन्याला आम्ही बडोद्याचे मराठी लोक घरात सर्रास ‘दादर’ म्हणतो. ‘दादरावर चपला काढू नकोस’ हे आजीचं वाक्य. कोकणातही हा शब्द आहे ना?

विश्राम:
आहे. आमच्या रत्नागिरीच्या घरी माडीवर जाणारा लाकडी दादर होता. मुंबईचं दादरही त्यावरूनच, असं लहानपणापासून ऐकत आलोय. ‘वहिवाट’ म्हणजे मला नेहमी ‘वाहती वाट’ वाटते. वाहत्या वाटेत काही ठेवायचं नसतं, अर्थ किती चपखल बसतो!

वैजयंती:
चपखल बसतो म्हणून व्युत्पत्ती खरी ठरत नाही. मग गुजरातीतला कारभाराचा अर्थ कसा लावणार? तिथे हिशेबाची ‘वही’ जास्त जुळेल. आणि ‘दादर’ चालणार असेल तर ‘सोपान’ का नको? ज्ञानेश्वरांच्या भावाचं नाव आहे ते, परकं नाही.

शर्वरी (बडोदा):
वैजयंतीताई, सोपान परका नाहीच. पण सोपानावरून कोणी गॅसचा सिलिंडर वर नेत नाही. जो शब्द घरात बोलतात त्यानेच पत्र मनाला लागत नाही.

प्रणाली:
मी स्वतः भाडेकरू आहे, म्हणून दुसरी बाजू मांडते. ‘अडगळ’ हा शब्द आधी मागे घ्या. अडगळ म्हणजे निरुपयोगी, टाकायचं राहिलेलं सामान. ज्या झाडाला कोणी रोज पाणी घालतं त्याला तो शब्द लावला की पुढचं पत्र वाचलंच जात नाही. आणि चपला नेमक्या कुठे ठेवायच्या तेही लिहा. आमच्याकडे उंबरठ्याच्या आत चपला आणायला सासूबाईंचा सक्त विरोध होता. शेवटी दाराच्या आत भिंतीला टेकणारा उथळ, बंद कप्पा केला तेव्हा भागलं. ‘ठेवू नये’ एवढंच म्हणून जागा दिली नाही तर माणूस काय करेल?

अनुराधा:
प्रणाली, पटलं. ‘अडगळ’ काढला. बाबांशी बोलले. सायकलला मागच्या बोळात छपराखाली जागा आहे, तिथे भिंतीत साखळीसाठी कडी बसवून देतो म्हणाले. कुंड्या गच्चीवर नेता येतील. कुंड्यांचा आम्हाला खरोखर त्रास आहे. ताटलीतलं पाणी ओघळून शहाबादीवर शेवाळ धरलंय आणि पावसाळ्यात आईचा पाय तिथे घसरला होता. नवा मसुदा असा:

‘सप्रेम नमस्कार. आपला जिना, म्हणजे खालच्या दारापासून गच्चीपर्यंतच्या पायऱ्या, प्रत्येक दारासमोरची व वळणावरची जागा आणि पायऱ्यांखालची मीटरची जागा, सर्वांच्या जाण्यायेण्यासाठी आहे. ती रात्रंदिवस मोकळी असावी. चपला-बूट, त्यांचा स्टँड, सायकल, कुंड्या यांपैकी काहीही तिथे थोड्या वेळासाठीही नसावे. सायकलीसाठी मागच्या बोळात व कुंड्यांसाठी गच्चीवर सोय केली आहे. स्टँड कृपया दाराच्या आत घ्यावा.’

सुलभा:
उत्तम. माझ्याकडून एकच सूचना: ‘आपला जिना’ असू द्या, ‘सामाईक’ची गरजच उरली नाही. पत्राच्या दोन प्रती करा आणि एकीवर मिळाल्याची सही घ्या. पण पत्र बाबांनी स्वतः, चहाला बोलावून द्यावं.

मंदार:
‘सामाईक’ की ‘सामायिक’? मी कायम ‘सामायिक’ लिहितो.

वैजयंती:
‘सामायिक’ हे जैनांचं 48 मिनिटांचं समभावाचं व्रत. भिंत, विहीर, जिना हे ‘सामाईक’. सातबाऱ्यावरही ‘सामाईक क्षेत्र’च असतं.

मंदार:
कितीतरी सरकारी पत्रकांत ‘सामायिक’ छापलेलं पाहिलंय. सगळे वापरतात तर चूक कसं?

प्रणाली:
‘थोड्या वेळासाठीही नसावे’ मला अजून कडक वाटतंय. पाहुणे आले तर त्यांच्या चपला हातात घेऊन आत जायचं का?

विश्राम:
पाहुण्यांच्या चार जोडांनी जिना अडत नाही, स्टँडने अडतो. ते शब्द काढले तरी चालतील.

सुलभा:
काढू नका. रात्रीपुरती लावलेली सायकलही थोड्या वेळासाठीच असते.

दत्ता (सातारा):
ताई, तलाठ्याकडे चौकशी केली. दगड टाकून पाच महिने होत आलेत. उद्याच अर्ज देतो. अर्जात ‘वहिवाटीचा रस्ता’ लिहू की ‘पूर्वापार वापराचा’?