डेल्टा म्हणजे प्रॉबॅबिलिटी? थोडं थांबा
> ०.२० डेल्टाचा पुट विकला म्हणजे ८० टक्के वेळा प्रीमियम आपलाच ना?

विकली एक्सपायरीत साधारण चालतं हे, पण पुटच्या बाबतीत चूक नेमकी विकणाऱ्याच्या अंगावर येते भावा. इथं राजारामपुरीत आमचा ग्रुप बसतो तिथंही हेच गणित चालतं म्हणून सविस्तर लिहितोय.

समजा शेअर १००० ला, आयव्ही ४० टक्के, एक्सपायरीला तीन महिने, व्याज शून्य धरू. ८६० च्या पुटचा डेल्टा ०.२० च्या आसपास येतो. डेल्टा निघतो N(d1) वरनं आणि आयटीएम संपायची शक्यता N(d2) वरनं, d1 आणि d2 मधे आयव्ही गुणिले वेळेचं वर्गमूळ एवढा फरक, म्हणजे इथं ०.२०. तो धरला की शक्यता २६ टक्के येते, २० नाही. कॉलला उलट, डेल्टा शक्यतेपेक्षा जास्त दाखवतो. आठवड्याच्या पुटला तेच २१-२२ टक्के, म्हणून तिथं कुणाला जाणवत नाही.

पण खरा त्रास वेगळाच. हे सगळं एक्सपायरीच्या दिवसाचं झालं, मधे कधीतरी ८६० ला भाव लागून जायची शक्यता जवळपास ४८ टक्के आहे, आणि तुमचा स्टॉपलॉस किंवा ब्रोकरचा मार्जिन कॉल एक्सपायरीपर्यंत थांबत नाही, त्यामुळं स्ट्राइकला स्टॉपलॉस लावणार असाल तर ८० टक्के विसरा, निम्म्या वेळा बाहेर पडाल असं धरूनच प्रीमियम पुरतो का बघा. आणि हे आकडेसुद्धा आयव्ही बरोबर असेल तरच, रिझल्टच्या आधी ती फुगलेली असते.