अनुभव धागा: जाहिरातीतली 'रोजची कामं' रेझ्युमेत कशी बसवलीत?

चिंचवडकरीण: धागा मीच काढतेय तर आधी माझं सांगते. पार्ट्स बनवणाऱ्या छोट्या कंपनीत ७ वर्षं अकाउंट्स बघते. ११ ठिकाणी अर्ज टाकले, एकही कॉल नाही. बीकॉम, टॅली, जीएसटी, एक्सेल, सगळं मागितलेलं माझ्याकडे होतं आणि लिहिलेलंही होतं. मग मैत्रीण म्हणाली की तू पात्रतेचा भागच वाचतेयस, त्याच्या वर रोज काय करायचंय ते दिलंय ते वाच ना.

तिथे चार कामं होती. वहीत डावीकडे ती उतरवली आणि उजवीकडे, हे मी शेवटचं कधी केलं, किती केलं, अडलं कुठे. 'बिलं पीओ आणि जीआरएनशी जुळवणे', म्हणजे दिलेली ऑर्डर आणि माल आल्याची नोंद यांच्याशी, यासमोर लिहिलं, महिन्याला साधारण ३५० खरेदी बिलं, दरात फरक दिसला की बिल थांबवून डेबिट नोट. '२बी रिकन्सिलिएशन' समोर, १४ तारखेला २बी, म्हणजे पुरवठादारांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी, आली की खरेदी रजिस्टरशी लावते आणि ज्यांची बिलं दिसत नाहीत त्या पुरवठादारांना २० तारखेच्या ३बी रिटर्नच्या आधी फोन. हेच रेझ्युमेत गेलं, त्याच क्रमाने. आधी तिथे फक्त 'जीएसटीचे ज्ञान' होतं! पुढच्या तीन अर्जांत दोन कॉल आले, आणि एका ठिकाणी पहिलाच प्रश्न, बिलं न जुळण्याचं नेहमीचं कारण काय. मी सांगितलं, बिल नंबर वेगळा टाकलेला असतो नाहीतर पुरवठादाराने ते पुढच्या महिन्यात दाखवलेलं असतं. रोजचंच काम, त्यामुळे आठवावं लागलं नाही.

पराग_नाशिक: एवढं कशाला, सॉफ्टवेअर शब्द बघतं, जाहिरातीतली वाक्यं जशीच्या तशी टाका. मी टाकली, कॉल आला. मुलाखतीत महिनाअखेरीच्या प्रोव्हिजनवर अडकलो ते वेगळं.

फायनान्सवाले काका: पराग, कामाचं नाव जाहिरातीतलंच घ्यावं हे बरोबर आहे. चिंचवडकरीणताई, तुमच्याकडे त्याला 'मटेरियल इनवर्ड' म्हणत असतील तरी रेझ्युमेत जीआरएनच लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला कळतच नाही की काम तेच आहे. पण नावापुढचा मजकूर स्वतःचा पाहिजे. मी १५ वर्षं प्लांटला माणसं घेतोय, जाहिरातीतलं वाक्य परत आलं की लगेच ओळखू येतं कारण कित्येकदा ते मीच लिहिलेलं असतं, जो माणूस सोडून गेला त्याचा दिवस डोळ्यासमोर आणून. पहिल्या दोन-तीन ओळींत त्याचा बहुतेक दिवस जायचा, म्हणून त्यांना जास्त जागा द्या.

अजून एक, क्रियापद बघा. 'तयार करणे' आणि 'तपासणे' ही दोन वेगळ्या पायरीची कामं आहेत. आम्हाला तपासणारा हवा असतो आणि समोरच्याने सात वर्षं तयारच केलेलं असतं, पण अधूनमधून ज्युनियरचं तपासलेलंही असतं, ते तो लिहीतच नाही.

फार्मसीताई: माझं क्षेत्र वेगळं, हॉस्पिटलची फार्मसी, कोल्हापूर. जाहिरातीत होतं, एक्सपायरी जवळ आलेला साठा वेगळा काढून परत पाठवणे आणि लशींच्या फ्रीजची तापमान नोंद. मी दोन्ही वर्षानुवर्षं केलंय, दर शनिवारी रॅक बघायचे आणि फ्रीज २ ते ८ अंशांत आहे का ते दिवसातून दोनदा लिहायचे, पण हे काय लिहायचं असं वाटून कधी टाकलंच नव्हतं, डिप्लोमा आणि रजिस्ट्रेशन तेवढं वर. आता अनुभवात ह्याच दोन ओळी पहिल्या आहेत आणि मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच गेला.

मीरा_ठाणे: माझ्यावर २ वर्षं सासूबाईंच्या आजारपणाची जबाबदारी होती, ती पण अशी लिहायची का? गॅप दिसतो.

चिंचवडकरीण: मीराताई, इथे जबाबदाऱ्या म्हणजे त्या पदावरची कामं म्हणतोय आपण. पण त्या २ वर्षांत हिशेबाचं काही केलंत का?

मीरा_ठाणे: सोसायटीची खजिनदार होते. ८४ फ्लॅटची मेंटेनन्स बिलं, थकबाकीदारांना पत्रं, ऑडिटरला कागद.

फायनान्सवाले काका: अहो मग जिथे वसुलीचा पाठपुरावा मागितलाय तिथे हेच लिहा, ८४ आकड्यासकट, आणि मानद काम होतं हेही.

चिंचवडकरीण: काका, माझा एक प्रश्न राहिलाच. चौथं काम आहे टीडीएस, ७ तारखेच्या आत भरणे. आमच्याकडे सीए भरतात, मी फक्त कुणाचे किती कापले याची यादी काढून देते. लिहू का?

फायनान्सवाले काका: लिहा, पण यादी काढते एवढंच.

फार्मसीताई: मला नाही पटत. अर्धवट लिहिलं की सगळा इंटरव्ह्यू त्यावरच जातो, माझ्याबाबतीत एकदा झालंय. मी तो रकाना रिकामा ठेवला असता.

पराग_नाशिक: यादी काढताना कुठल्या कलमाखाली किती टक्के ते तुम्ही ठरवता की सीए?

चिंचवडकरीण: कॉन्ट्रॅक्टरचं मी ठरवते, बाकीचं विचारून. आज रात्री मागच्या तीन महिन्यांच्या याद्या काढून बघते, नक्की किती माझं होतं ते.